मदत हवी आहे : सागवानी पेटाऱ्यातून पीठ पडते आहे, भुंगा जिवंत आहे की भोके जुनीच आहेत?

शहापूरची_सून
सासूबाईंच्या माहेरचा, खानापूर भागातल्या जुन्या वाड्यातून आलेला सागवानी पेटारा आम्ही गेल्या महिन्यात बेळगावच्या घरी आणला. त्याच्या पुढच्या फळीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी पंधरा-वीस गोल भोके आहेत, आणि दोन दिवसांपासून फरशीवर फिकट पीठ पडू लागले आहे. त्याच खोलीत देव्हारा, नवे कपाट आणि मुलीचा पलंग आहे. फवारणीवाले शनिवारी सगळे घर फवारायला येणार आहेत. त्याआधी भोकांत कोणते औषध भरावे, एवढे कृपया लवकर सांगावे.

खानापूरचा_सुतार
आमच्या घरात तीन पिढ्या सागवानाचेच काम चालते. जुन्या सागवानाला भुंगा लागत नाही. पेटारा गाडीतून हादरत आला, त्यामुळे भोकांत साठलेला जुना भुसा बाहेर पडत असणार. भोकांवर रॉकेलचा बोळा फिरवा आणि लाखेने ती बुजवून टाका.

जुने_लाकूड
ताई, शनिवारची फवारणी आधी थांबवा. पॉलिश केलेल्या लाकडावर फवारलेले औषध वरच राहते, आत पोखरत असलेल्या अळीपर्यंत ते पोहोचत नाही. शिवाय जे भोक आपल्याला दिसते ते भुंगा बाहेर पडून गेल्यानंतरचे दार असते, त्यामुळे नुसती भोके मोजून आत काही आहे की नाही हे कळत नाही. पीठ नेमके भोकांच्या खाली पडते आहे की दुसरीकडे? चिमटीत घेतल्यावर ते टाल्कम पावडरीसारखे मऊ लागते की रवाळ लागते? भोकांची फळी फिकट आहे की गडद? आणि पेटाऱ्याची दुरुस्ती कधी झाली आहे का?

निपाणी_वखार
आमच्या तंबाखूच्या वखारीत भुंगा झाला की ताडपत्री घालून धुरी देतात आणि एकही किडा उरत नाही. आपणही पेटारा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून धान्यात ठेवतात त्या दोन-तीन गोळ्या आत टाकाव्यात, म्हणजे एका रात्रीत काम होईल.

जुने_लाकूड
वखारवाले, हा सल्ला कृपा करून कोणी घरात अमलात आणू नये. धान्याच्या त्या गोळ्यांतून हवेतल्या दमटपणाने फॉस्फीन वायू निघतो. तो प्लॅस्टिकच्या फटींतून खोलीत पसरतो आणि झोपलेल्या माणसांचे प्राण घेतो. तंबाखूचा भुंगा वेगळा आहे, तो सागवान खात नाही. धुरीने आतली कीड मरते हे आपले म्हणणे खरे आहे, पण ते परवानाधारक माणसांनी बंदिस्त जागेत करण्याचे काम आहे, आणि धुरी उडून गेल्यावर लाकडाला पुढचे संरक्षण काहीच उरत नाही.

चिकोडीची_काकू
आमच्या नातवाच्या पाळण्याखालीही असेच पडत होते, पण ते पीठ नव्हते, खसखशीसारखे एकसारखे दाणे होते. पाळण्याचा एक पाय शेवटी आतून पूर्ण पोकळ निघाला. तुम्हीही पेटाऱ्याचे पाय ठोकून बघावेत.

जुने_लाकूड
काकू, तुमचे दाणे सुक्या लाकडात राहणाऱ्या वाळवीचे असावेत. भिंगाखाली त्यांना सहा कडा दिसतात. भुंग्याचे पीठ वेगळे असते. ताईंच्या उत्तराची वाट पाहू या.

शहापूरची_सून
पीठ मैद्यासारखे मऊ आहे. आज नीट पाहिले तेव्हा ते पुढच्या फळीखाली पडत नसून मागच्या बाजूला, तळाच्या मधोमध पडते असे दिसले. जुना तळ ओलीने कुजला होता म्हणून दोन वर्षांपूर्वी गावच्या सुताराने आंब्याच्या फळ्या घालून दिल्या होत्या. ते सांगण्याजोगे आहे असे मला वाटले नव्हते.

जुने_लाकूड
सगळा उलगडा बहुधा त्या तळातच आहे. मऊ पीठ पाडणाऱ्या भुंग्याची अळी लाकडातल्या पिष्टावर जगते, आणि ते पिष्ट बाहेरच्या पांढऱ्या लाकडात असते. म्हणून सागाचा गडद गाभा ती सोडून देते आणि फळीच्या कडेला राहिलेला फिकट पट्टा खाते. सुतारकाका, तुमचे म्हणणे गाभ्यापुरते बरोबर आहे, पण त्या पट्ट्याला ते लागू होत नाही. लाकूड जुने होत जाते तसे त्यातले पिष्ट संपते, त्यामुळे पुढच्या फळीची भोके पेटारा नवा असतानाची असण्याची शक्यता जास्त आहे. आंब्याच्या नव्या, आतून पॉलिश न केलेल्या फळ्या मात्र या भुंग्याला हव्या तशाच असतात.

तरी अंदाजावर राहू नका. सगळी भोके मऊ ब्रशने झाडा, पेटाऱ्याखाली काळा कागद पसरा आणि पेटारा अजिबात हलवू नका, कारण हलवल्याने जुना भुसाही पडतो. पुढच्या भोकांवर पतंगाच्या कागदाचे तुकडे पातळ खळीने चिकटवा. खळ नंतर ओल्या फडक्याने निघते आणि पॉलिश खराब होत नाही. भुंगा आत असेल तर तो कागद भोसकून बाहेर येईल. मात्र कागद शाबूत राहिला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. पुढचा उन्हाळा आणि पाऊस संपेपर्यंत तो तसाच ठेवा.

शहापूरची_सून
एवढे दिवस थांबायचे? बाजूलाच मुलीचा पलंग आहे.

जुने_लाकूड
पिठाचा निकाल दोन-तीन आठवड्यांत कळतो, कागदाला वेळ लागतो. काळा कागद पसरण्याआधीच पेटारा एकट्या खोलीत नेऊन ठेवा, मग हलवू नका.

शहापूरची_सून
आज बावीस दिवस झाले. पुढचे सर्व कागद शाबूत आहेत. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा त्या भोकांच्या कडा काळपट दिसल्या आणि दोन-तीन भोकांच्या आत पॉलिश उतरलेले आहे, म्हणजे ती भोके पॉलिशच्याही आधीची आहेत. तळाखालच्या काळ्या कागदावर मात्र चार ठिकाणी पिठाचे लहान ढीग झाले आहेत, आणि त्यांच्या वरच्या दोन भोकांच्या कडा ताज्या कापलेल्या लाकडासारख्या पिवळसर आहेत.

खानापूरचा_सुतार
मग तळ जिवंत किडीचा आहे, हे मला मान्य आहे. पण फळ्या टाकून कशाला द्यायच्या? सिरिंजने औषध भरून त्या वाचवता येतील.

जुने_लाकूड
वाचवता येतीलही, पण अळीची सगळी भुयारे भोकाला जोडलेली असतातच असे नाही, आणि एका भोकात दाबलेले औषध दुसऱ्या भोकातून थेट डोळ्यात उडते. जुन्या फळीत कीड असती तर मी चष्मा घालून सिरिंजच वापरली असती, कारण ती फळी परत मिळत नाही. हा तळ मात्र दोन वर्षांचा आहे. तो काढून त्याच दिवशी जाळावा आणि सागाच्या गाभ्याच्या फळ्या घालाव्यात. पांढरा पट्टा असेल तर तो रंध्याने काढून टाकावा. तशा फळ्या मिळाल्या नाहीत तर उघड्या लाकडाला बोरिक ॲसिड २० ग्रॅम आणि बोरॅक्स ३० ग्रॅम एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून दोन-तीन हात द्यावेत, आणि फळ्या पूर्ण वाळल्यावरच बसवाव्यात. हे द्रावण आत फार खोल जात नाही आणि पाण्याने धुऊन निघते, म्हणून तो भाग पुढे ओला करू नये. द्रावण मुलांच्या हाती लागू देऊ नये.

शहापूरची_सून
तळ आज काढला. एक फळी मोडली तेव्हा आत नुसते पीठ आणि दोन पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या. देव्हारा पॉलिशचा आहे, त्याच्या पाठीच्या कच्च्या फळीवर हे द्रावण लावणार आहे. कपाटाच्या मागच्या प्लायवूडमध्ये एक भोक दिसते आहे, पण त्याखाली पीठ नाही.

जुने_लाकूड
त्याच्याखालीही काळा कागद घाला, आणि भोकाभोवती पेन्सिलने तारखेसह खूण करा. पुढचा पाऊस संपेपर्यंत त्याबद्दल ठामपणे काही सांगता येणार नाही.