एकाच लोणच्याला 'तिखटजाळ' आणि 'मिळमिळीत', दोन्ही कसं काय?

कैरीफोड: एक किलो कैरीचं लोणचं घातलं, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 100 ग्रॅम लाल तिखट, मीठ, मेथी, हिंग, वरून फोडणी. नवरा म्हणतो तिखटजाळ झालंय, सासूबाई म्हणतात मिळमिळीत आणि वर कडवट. दोघांनी एकाच बरणीतलं खाल्लं. आपल्याकडे तिखट या एका शब्दात सगळं कोंबल्यामुळे हा घोळ होतो असं माझं मत आहे, मोहरीच्या तिखटाला वेगळा शब्द हवा. पटतंय का?

वाटीभर_तेल: नाही पटत. शब्द भरपूर आहेत, आपण वापरत नाही. तिखटजाळ म्हणजे जीभ जळते, झणझणीत म्हणजे रश्शासारखं, झोंबणारं म्हणजे ठेचा, चटकदार म्हणजे आंबट-तिखट-गोड एकत्र. आणि कडवट लागतंय ते मेथीमुळे, मेथी काळपट होईपर्यंत तळली असणार. पुढच्या वेळी मेथी कमी घाला, झालं.

जुनी_बरणी: मेथीचं अर्धं खरं आहे, जळलेली मेथी कडू होतेच, पण मिळमिळीतचा उलगडा त्यातून होत नाही. कैरीफोड, मला एक सांग, फोडणी गरम असतानाच ओतलीस का?

कैरीफोड: हो, चांगली कडकडीत, छान चर्र आवाज आला. मेथी मात्र तांबूस झाल्यावर लगेच काढली होती.

जुनी_बरणी: मग तिथेच झालं सगळं. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो, दाणा फुटून त्याला पाणी लागलं की तो बनतो, म्हणूनच आपण मोहरी पाणी घालून फेसतो आणि फेसता फेसता डोळ्यांत पाणी येतं. लोणच्यात हे पाणी कैरीला सुटलेल्या खाराचं. पण कोरड्या डाळीवर कडकडीत तेल पडलं की झणका बनवणारा घटकच मरतो, मग कितीही खार सुटो, उरतो तो मोहरीचा मूळ कडूपणा. आमच्याकडे फोडणी पूर्ण गार करूनच घालतात ती याचसाठी. सासूबाई नाकात चढणारी मोहरी शोधत होत्या, ती मिळाली नाही म्हणून त्यांना मिळमिळीत वाटलं. नवऱ्याला मिरची लागली, म्हणून त्याला तिखटजाळ. दोघंही बरोबर आहेत.

लिंबू_लिंबू: माझं लिंबाचं लोणचं पण कडू झालंय हो, मी तर मोहरी घातलीच नाही, काय करू?

जुनी_बरणी: तुमचं कडू वेगळं, ते बियांचं आणि सालीखालच्या पांढऱ्या भागाचं. बिया काढल्या होत्या का? काढल्या असतील तर मिठात मुरू द्या, महिनाभरात बरंच उतरतं. बिया आत चिरडल्या असतील तर मात्र फारसं उतरत नाही.

वाटीभर_तेल: बरं, मोहरीचं मान्य. मीही गरमच ओतत आले. पण म्हणून नवा शब्द कशाला? 'मोहरी चढली' म्हणतोच की आपण, पुरे आहे.

कैरीफोड: पण 'चढली' हे क्रियापद झालं, विशेषण कुठंय? दुकानात किंवा मैत्रिणीला सांगताना 'नाकात चढणारं लोणचं' असं लांबलचक सांगायचं का?

पाटावरवंटा: आमच्याकडे उग्र म्हणतात.

जुनी_बरणी: उग्र मला नको वाटतं, तो वासाचा शब्द आहे, हिंग उग्र, लसूण उग्र. मोहरीचं वेगळं, ती नाकातून डोक्यात जाते आणि दोन-चार सेकंदांत उतरते, मिरची जिभेवर रेंगाळते. मला झणका बरा वाटतो, पण आमच्या विदर्भातल्या वहिनी झणका शब्द मिरचीलाच लावतात, त्यामुळे तिथे परत घोळ होणार.

वाटीभर_तेल: तेच म्हणतेय मी, तुम्ही कुठलाही शब्द ठरवा, दहा कोसांवर त्याचा अर्थ बदलणार.

कैरीफोड: ते असो, या बरणीचं काय करता येईल?

जुनी_बरणी: मूठभर मोहरीची डाळ थोड्या उकळून गार केलेल्या पाण्यात फेसून घे, लिंबू आत्ता पिळू नकोस, आंबटामुळे झणका नीट बनत नाही. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेव, मग एका वाटीपुरत्याच लोणच्यात कालव. अख्ख्या बरणीत नको, पाण्याने टिकणार नाही. ही वाटी फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपव. आधीचा कडवटपणा जाईल असं नाही, पण त्याच्यावर मोहरी येईल.

कैरीफोड: केलं आत्ता. सासूबाईंनी चाखलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या 'आता तिखट झालं'. म्हणजे त्यांचा शब्द तिखटच!