'लवकर बरा हो' अरबीत आज्ञेसारखं वाटू नये म्हणून

> मस्कतच्या ऑफिसातला मित्र ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये आहे. 'लवकर बरा हो, काळजी घे, आम्ही वाट बघतोय' हे अरबीत व्हॉइस मेसेजमध्ये कसं बोलू?

शब्दाला शब्द लावू नका. अरबीत आजाऱ्याला 'बरा हो' असं सांगण्यापेक्षा त्याच्यासाठी मागणं मागायची रीत आहे. बरं करणारा अल्लाह, आजारी माणूस नव्हे. 'वाट बघतोय'चं थेट भाषांतर तर कामावर कधी येतोस असं विचारल्यासारखं वाटेल (ऑफिसातल्या माणसाकडून आलं तर जास्तच). म्हणून आधी मराठीच बदला: 'घाई करू नकोस, निवांत आराम कर. तुझी फार आठवण येते.'

आता हे बोला:

'सलाम्तक या अखूय, मा तशूफ शर. खुद राहतक. मुश्ताकीन लक. अल्लाह यश्फीक.'

'सलाम्तक' म्हणजे तू सुखरूप राहा. 'अखूय' म्हणजे माझ्या भावा. 'मा तशूफ शर' हे खास आखाती बोलीतलं: तुला वाईट काही बघायला न लागो. 'खुद राहतक' म्हणजे निवांत आराम कर, 'मुश्ताकीन लक' म्हणजे तुझी ओढ लागलीय, आणि शेवटचं, देव तुला बरं करो. 'यश्फीक' आपल्या ओळखीच्या 'शिफा'चाच भाऊबंद. त्यातला फ 'फळ'मधला नाही, 'फोन'मधला.

मैत्रीण असती तर 'सलाम्तक'चं 'सलाम्तिक' झालं असतं, आणि बाकीचे शब्दही तसेच बदलावे लागले असते.

'अश्शर मा यजीक' असं उत्तर आलं तर दचकू नका. वाईट तुझ्याकडेही न येवो, इतकंच तो म्हणतोय.