मदत हवी आहे: गणितात अवक्षेप येतो, परीक्षानळीत येत नाही

अनघा_बारावी
०.०२ मोलर लेड नायट्रेट ५० मिली घेतलं, त्यात ०.०४ मोलर NaCl ५० मिली ओतलं. PbCl₂ चा Ksp १.७ × १०⁻⁵. माझं गणित: ०.०२ × (०.०४)² = ३.२ × १०⁻⁵. Ksp पेक्षा जास्त, म्हणजे अवक्षेप यायला हवा. पण अर्धा तास झाला तरी द्रावण नितळ आहे. कुठे चुकतंय?

रसायनवेडा
एकूण १०० मिली झालं ना, म्हणून संहती निम्म्या घे. शिसं ०.०१, क्लोराइड ०.०२. PbCl₂ मध्ये क्लोराइड दोन, म्हणून ०.०२ ची दुप्पट करून वर्ग कर. १.६ × १०⁻⁵ येतं, अगदी काठावर, म्हणून दिसत नसेल.

जुना_मास्तर
निम्म्या घ्यायच्या हे बरोबर, दुप्पट मात्र नको. त्या दोन क्लोराइडांचा हिशेब वर्गातच झाला. दुप्पट कधी करायची ते ओतलेल्या क्षारावर ठरतं, अवक्षेपावर नाही. NaCl एकच क्लोराइड देतं, म्हणून ०.०१ × (०.०२)² = ४ × १०⁻⁶. Ksp च्या चौथा हिस्सासुद्धा नाही. अनघा, तुझी नळी बरोबर आहे. निम्म्या न केल्याने तुझा आकडा आठपट फुगला: शिशामुळे दोन, क्लोराइडच्या वर्गामुळे चार.

शिवार
माझ्याकडे तर मीठ घालायच्या आधीच लेड नायट्रेट गढूळ झालं. पाणी बोअरचं होतं. म्हणजे Ksp चुकीचा छापलाय का?

जुना_मास्तर
नाही हो, तो वेगळाच अवक्षेप आहे. बोअरच्या पाण्यात सल्फेट आणि बायकार्बोनेट असतात. PbSO₄ चा Ksp सुमारे १.८ × १०⁻⁸, त्यामुळे सल्फेट अगदी किंचित असलं तरी पुरतं. थोडं गढूळ द्रावण परीक्षानळीत घेऊन विरळ नायट्रिक आम्ल टाका. बुडबुडे येऊन निवळलं तर कार्बोनेट, तसंच राहिलं तर सल्फेट. लेड क्लोराइड ओळखायचं तर नळी गरम करा: ते विरघळतं आणि थंड होताना सुईसारखे पांढरे स्फटिक पडतात. द्रावण डिस्टिल्ड पाण्यातच करा, आणि शिशाचं काहीही सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.

अनघा_बारावी
सर, NaCl ऐवजी तेवढंच ०.०४ मोलर CaCl₂ घेतलं तर?

जुना_मास्तर
तिथे दुप्पट करायची. मिसळल्यावर क्लोराइड ०.०४, गुणाकार १.६ × १०⁻⁵. रसायनवेडांचा आकडा इथे खरा ठरतो.

रसायनवेडा
मग कमी आहे, अवक्षेप नाही.

जुना_मास्तर
इतकं ठामपणे मी म्हणणार नाही. वेगवेगळ्या कोष्टकांत PbCl₂ चा Ksp १.२ ते १.७ × १०⁻⁵ सापडतो, आणि थंडीत विद्राव्यता आणखी घटते. शिवाय एवढ्या आयनांच्या गर्दीत नुसत्या संहतीवरचं गणित ढोबळच असतं. पेपरात दिलेला Ksp धरून ‘येणार नाही’ लिही. प्रयोगात काचकांडीने नळीची आतली बाजू घासून रात्रभर ठेव आणि काय दिसतं ते इथे लिही.