मदत हवी आहे: टॉवेलच्या लेबलावरचा इंग्रजी फॉन्ट कोणता?

लेबलवाला_सोलापूर: टेरी टॉवेलच्या जुन्या लेबलावर 'Regular' आहे, तिथे त्याच फॉन्टमध्ये 'Premium' टाकायचंय. मूळ फाइल नाही, फक्त कापलेली जेपीजी आहे. शब्दाची रुंदी १११ पिक्सेल, R ची उंची २६. फॉन्ट कसा ओळखू?

डीटीपी_नाना: एरियलच आहे. 'Regular' टाइप करून चित्रावर ठेवा, रुंदी जुळते का बघा.

अक्षरवेडी: नाना, त्या परीक्षेत इथे फसायला होतं. एरियल १९८२ चा, त्यातल्या अक्षरांच्या रुंद्या मुद्दाम हेल्वेटिकाशी जुळवलेल्या. दोन्हीत शब्द तेवढाच भरतो. आकार बघा. R चा पाय तिरका सरळ बाहेर गेला तर एरियल, जवळपास उभा खाली उतरला तर हेल्वेटिका. e चं टोक आडवं सपाट कापलंय की तिरकं? हेल्वेटिकात सपाट. a च्या शेपटीवर मात्र भिस्त ठेवू नका, एवढ्या छोट्या जेपीजीत एक-दोन पिक्सेलची शेपूट डागासारखीच दिसते.

लेबलवाला_सोलापूर: पाय उभा आहे, e सपाट वाटतो. खाली '500 GSM' आहे, त्यातल्या G ला उजवीकडे खाली टोक आहे.

अक्षरवेडी: मग हेल्वेटिकाच्या घराण्यातला. एरियलच्या G ला ते टोक नसतं. पण GSM ची ओळ वेगळ्या फॉन्टात असू शकते, म्हणून R चा पुरावा मोठा.

कोरलवाला: माझ्या मराठी मजकुराचा फॉन्ट पण सांगा ना, जोडाक्षरं तुटतायत.

अक्षरवेडी: दादा, तो एन्कोडिंगचा प्रश्न, वेगळा धागा काढा.

लेबलवाला, आता रुंदी. हेल्वेटिकात R ची उंची अक्षरमापाच्या सुमारे ०.७२ पट, म्हणजे माप ३६ पिक्सेल. त्या मापात 'Regular' साधारण १२३ पिक्सेल भरायला हवा, तुमचा १११ आहे. कोणीतरी आडवा ९० टक्क्यांवर दाबलाय. खात्रीसाठी e मोठा करून बघा: उभ्या रेषा आडव्यांपेक्षा किंचित जाड असतात, दाबल्यावर तो फरक मरतो. फोटो तिरका काढला असेल तरी रुंदी घटते, म्हणून लेबलाचे चारही कोपरे काटकोनात आहेत ना ते आधी बघा.

लेबलवाला_सोलापूर: कोपरे काटकोनात आहेत. रेषा सारख्याच वाटतात.

अक्षरवेडी: मग ३६ मापात टाइप करा आणि फक्त रुंदी ९० टक्के ठेवा. पण 'Premium' मध्ये दोन m आहेत, तो १२५ च्या आसपास जाईल. चौकटीत बसत नसेल तर मापच कमी करा, आणखी दाबू नका, उभ्या रेषा बारीक होऊन जोड लगेच कळेल.

डीटीपी_नाना: हेल्वेटिका विकत घ्यावी लागेल की.

अक्षरवेडी: निम्बस सॅन्स मोफत आहे, आकार जवळजवळ तेच. मूळ लेबल या दोनपैकी कशात केलं, ते या चित्रावरून ठरणार नाही. जुनं छापील लेबल मिळालं तर ६०० डीपीआयवर स्कॅन करून टाका.

लेबलवाला_सोलापूर: गोदामात शोधतो, सापडलं तर इथेच टाकतो.