रात्रीची खिचडी आणि घरातली शुगर: तुमच्याकडे काय जमलं?

जळगावची सून: आपल्याकडे रात्री खिचडी म्हणजे ठरलेलंच. तुरीच्या डाळीची लाल खिचडी, शेंगदाणे, वरून कच्च्या तेलाची धार आणि भाजलेला पापड. सासऱ्यांना शुगर निघाली तेव्हा जो तो सांगायला लागला भात बंद करा, खिचडी बंद करा, आणि त्यांचं जेवणच उतरलं. मग आम्ही ठरवलं की बंद करण्याआधी मोजून तर बघू. (त्यांना फक्त मेटफॉर्मिन चालू आहे, हे आधीच सांगते.)

जुनी पद्धत म्हणजे दोन वाट्या तांदळाला अर्धी वाटी डाळ, जेवण साडेनऊला, ताटात खिचडी आणि पापड, बाकी काही नाही. जेवणाआधी १३२, दोन तासांनी २३८. नंतर तांदूळ एक वाटी, डाळ एक वाटी, खिचडीत गिलकं नाहीतर पालक घातला, ताटात आधी काकडी-मुळा आणि वांग्याची नाहीतर मेथीची भाजी वाढली, ती थोडी खाऊन झाली की मग खिचडी, एकच मध्यम वाडगा, आणि जेवण आठला. जेवणाआधी १२८, दोन तासांनी १७४. पुढे परत बघितलं तर कधी १६५, कधी १९०, पण २३० च्या घरात गेली नाही. घरातले सगळे हेच खातो, त्यांचं ताट वेगळं केलेलं नाही. तुमच्याकडे काय करता ते लिहा, कोणी काय खाऊ नये यावर भाषण नको प्लीज.

चोपड्याची ताई: मी बरीच वर्षं आहार सल्ल्याचंच काम करते म्हणून थोडं लांब लिहिते. तुमचं जमलं ते एका गोष्टीमुळे नाही. एकतर ताटातला तांदूळ निम्म्याच्या आसपास आला, त्याची जागा डाळीने घेतली, आणि डाळीत प्रोटीन आणि फायबर असल्याने शुगर हळू चढते. भाजी आधी पोटात गेली की अजून फरक पडतो. दोन तास मोजताना पहिल्या घासापासून धरा, हात धुऊन उठल्यापासून नाही, बरेच जण तिथे घोळ घालतात आणि मग आकडे जुळत नाहीत. साधारण जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत हे बऱ्याच मोठ्या माणसांसाठी धरतात, पण म्हातारं माणूस एकटं राहत असेल, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर वेगळा आकडा देतात. आणि एका रात्रीच्या आकड्यावरून काही ठरवू नका, झोप, ताप, टेन्शन सगळ्याने हलतो तो.

गिरणाकाठचा: एवढं मोजमाप कशाला भो, भात सोडा आणि दादरची नाहीतर कळण्याची भाकरी खा, भाकरीने शुगर वाढतच नाही. आमचे आजोबा तीन-तीन भाकऱ्या खायचे, काही झालं नाही त्यांना.

चोपड्याची ताई: भाऊ, कळणा चांगलाच, ज्वारीत सालासकट उडीद दळलेला असतो म्हणून नुसत्या ज्वारीपेक्षा बरा पडतो. पण भाकरी पण पिठाचीच, तीन मोठ्या भाकऱ्या झाल्या की ती शुगर पण तिथेच येऊन बसणार. आजोबा दिवसभर वखर हाकत असतील, आपण गल्ल्यावर बसतो. एक भाकरी, सोबत भरपूर भाजी आणि घट्ट डाळ घेऊन दोन तासांनी बघा, आणि एकदा तीन खाऊन पण बघा, मीटरच सांगेल.

गिरणाकाठचा: बघतो. पण दादर आणि हायब्रीड ज्वारीत फरक नक्की आहे, हे मी सोडणार नाही.

केळीवाला रावेर: माझं जरा वेगळं आहे. आमच्याकडे केळीची कटाई चालू होती, दुपारी घरी आलो, केळं सोलून पोराला दिलं आणि तसंच बोट टोचलं तर २९० दाखवलं. घरात सगळे घाबरले, बायको म्हणे आता दवाखान्यात चला. शेजारच्या पोरीने सांगितलं काका हात साबणाने धुवा, कोरडे करा, परत टोचा. १६८ आलं. बोटाला लागलेली केळाची साखरच मोजली गेली होती. आता विचारायचं असं की केळाच्या गावात राहून केळं सोडायचं का? मी दुपारी जेवणाऐवजी तीन-चार खायचो.

चोपड्याची ताई: जेवणाऐवजी चार नको. छोटं, जास्त न पिकलेलं अर्धं केळं, ते पण जेवणावर लगेच नाही, मधल्या वेळेला मूठभर शेंगदाण्यांसोबत, आणि नंतर मोजून बघा. कच्च्या केळाची भाजी पण चालते पण ती भाकरीची जागा खाते हे लक्षात ठेवा.

नंदुरबारी मावशी: खिचडीचं वाचलं, छान. उपवासाच्या खिचडीत पण डाळ घालायची का मग? एकादशीला मी साबुदाण्याचीच करते.

जळगावची सून: नाही हो मावशी 😄 ती वेगळी. साबुदाणा जवळपास नुसता स्टार्च, त्याने आमच्याकडे खिचडीपेक्षा जास्त चढते. आम्ही उपवासाला थोडीशीच करतो, दाणे जास्त आणि वाटीभर ताक. भगर पण मापातच.

धुळ्याचा पोरगा: एक सांगायलाच पाहिजे म्हणून लिहितो. आईला ग्लिमेपिराइडची गोळी आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून रात्री तिने खिचडी सोडून फक्त वाटीभर डाळ प्यायला सुरुवात केली, गोळी मात्र तीच. एका रात्री तीनच्या सुमारास उठली, घामाने पदर ओला, हात थरथरत होते, बोलणं पण तुटक. मोजलं तर ५८. शुद्धीत होती, गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ९१ आणि मग थोडी पोळी दिली. डॉक्टरांनी नंतर गोळीचा डोस कमी केला. म्हणजे खाणं कमी करायचं असेल आणि अशी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ७० च्या खाली गेलं तर तेव्हा पथ्य बघायचं नाही, साखरच द्यायची.

चोपड्याची ताई: फार नीट केलंत. फक्त माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, घशात अडकतं, सरळ दवाखाना. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं क्वचित होतं, म्हणून सुनेच्या घरचं जसंच्या तसं उचलू नका.

अमळनेरकर: शिळ्या खिचडीचं काय? माझी बहीण म्हणते रात्रीची खिचडी सकाळी गरम करून खाल्ली तर तिची शुगर कमी चढते. माझ्याकडे काही फरक दिसला नाही.

चोपड्याची ताई: भात थंड झाला की त्यातला काही स्टार्च पचायला जड होतो हे खरं, पण माणसागणिक फरक दिसतो, आणि सकाळी तसं पण बऱ्याच जणांची शुगर वर असते, त्यामुळे तुमची आणि बहिणीची तुलना सरळ होणार नाही. खायची तर रात्रीच फ्रीजमध्ये टाका, ओट्यावर ठेवू नका.

केळीवाला रावेर: आणि पाहुण्यांकडचा चहा? शेतमाल घेऊन गेलो की दिवसात पाच कप होतात, नाही म्हटलं तर माणूस रागावतो.

जळगावची सून: सासरे आता घरूनच सांगून ठेवतात की अर्धा कप, बिनसाखरेचा. एका घरी गूळ टाकून दिला, गूळ चालतो म्हणे. मोजलं तर साखरेसारखाच चढला. ताई, तुरीऐवजी सालाची मूग डाळ घातली तर अजून बरं पडेल का? घरात तुरीशिवायच्या खिचडीला कोणी खिचडी मानत नाही, त्यामुळे अर्धी-अर्धी घालून बघायचा विचार आहे.

चोपड्याची ताई: अर्धी-अर्धी घाला. दोन्ही डाळीच आहेत, फार मोठा फरक नाही दिसणार, सालामुळे थोडं फायबर वाढेल. आणि पापडाचं मीठ बघा, सासऱ्यांना बीपी आहे का?

जळगावची सून: आहे की. पापड आता चौघांत एक मोडतो.