पुण्यानुमोदनाला पांढरी साडी चालते का? (आमच्या लेआउटच्या ग्रुपवरची चर्चा)

वैशाली: ताई-काकूंनो, एक विचारायचं होतं. शाळेतल्या मॅडमचे वडील वारले. रविवारी ११ वाजता आर्वीकडे त्यांच्या गावी पुण्यानुमोदन आहे. पत्रिकेवर बुद्धांचा अन् बाबासाहेबांचा फोटो आहे. माझ्याकडे पांढरी साडी आहे, पण सासूबाई म्हणतात सवाष्णीनं कोरं पांढरं नेसू नये. काय नेसू?

मंदाकाकू: सासूबाई बरोबर सांगून राहिल्या बाप्पा. आपल्यात मयतीले पांढरं लुगडं कोण नेसते? जुनं सुती, फिक्कं काहीतरी नेसजो. घरी आल्यावर आंघोळ अन् कपडे धुणं आहेच.

रेखा वहिनी: टीव्हीवर तर सगळ्या पांढऱ्यातच दिसतात 🤔

मंदाकाकू: टीव्हीवाल्यांचं काय घेऊन बसली तू!

संघमित्रा ताई: काकू, तुमच्या घरच्या मयतीसाठी तुमचं बरोबर आहे. पण हे बौद्ध घरचं आहे. आमच्यात पांढरं म्हणजे विधवेचं नाही. लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, बुद्ध पौर्णिमेले आम्ही पांढरं घालतो, अन् पुण्यानुमोदनालेही. १४ ऑक्टोबर १९५६ ले नागपूरले बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा तेही पांढऱ्या कपड्यांतच होते. वैशाली, बिनधास्त नेस. मंगळसूत्र, बांगड्या, टिकली, जे रोजचं आहे ते राहू दे. काहीच काढायचं नाही.

वैशाली: सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणतात, बांगड्या राहत असतील तर मग ठीक आहे 😊 पण साडीला जरीचा चांगला रुंद काठ आहे.

संघमित्रा ताई: ती नको. रंगाले कोणी काही म्हणणार नाही, पण जरीचा काठ लग्नाले आल्यासारखा दिसते. साधी सुती, बारीक निळा काठ असला तरी चालते. नसलीच तर फिक्कट निळी किंवा बदामी नेस. लाल, भडक पिवळी अन् चमकीची तेवढी टाळ.

रेखा वहिनी: माझा पांढरा चिकनचा कुर्ता आहे, देऊ का?

संघमित्रा ताई: वहिनी, तो कुठपर्यंत येते? तिथं खुर्च्या थोड्या, बाकी सारे सतरंजीवर. भंतेजी आले की त्रिशरण-पंचशील होते, तेव्हा गुडघ्यावर बसून तीनदा डोकं टेकवून वाकतात. मग फोटोपुढं फुलं वाहायले परत वाका. कुर्ता आखूड असला, गळा मोठा असला की वाकताना सगळं लक्ष कपड्याकडेच राहते. ज्याले वाकायचं नाही त्यानं हात जोडून बसलं तरी चालते, पण खाली बसणं तर आहेच.

रेखा वहिनी: गुडघ्याच्या वरच आहे. राहू द्या मग.

वैशाली: साडीच नेसते. माझी एक साधी कॉटनची आहे, पण जरा पातळ आहे.

मंदाकाकू: पातळ असली तर आतून पांढरा परकर, घोट्यापर्यंत. रंगीत परकर घातला तर सगळा रंग बाहेर दिसते. नेसून दारात उभी राहा, उजेड मागून येऊ दे, अन् सासूले पाहायले सांग. घरातल्या ट्यूबलाइटात काही समजत नाही. पदराले खांद्यावर पिन लाव, म्हणजे वाकली तरी सरकत नाही.

संघमित्रा ताई: अन् पाऊस सुरू आहे. पांढरं ओलं झालं की अंगाले चिकटते, छत्री विसरू नको. गावात काळ्या मातीचा चिखल असेल, गाडीतून उतरल्यावर मंडपापर्यंत साडी जरा वर खोचून घे. चप्पल बिनपट्ट्याची घाल, मंडपाबाहेर काढावी लागते.

विनोद भाऊ: मी पण येऊन राहिलो. माणसांचं काय? काळा शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

संघमित्रा ताई: भाऊ, काळा नको. पांढरा शर्ट अन् ढिली पँट. घट्ट जीन्समध्ये तासभर मांडी घालून बसून पाहा 😄

वैशाली: डोक्यावर पदर घ्यायचा का?

संघमित्रा ताई: तसा नियम नाही. गावातल्या म्हाताऱ्या घेतात, तुले वाटलं तर घे.

मंदाकाकू: आपल्याकडे मोठ्या माणसांपुढं घ्यावाच लागते. बरं वैशाली, पत्रिकेवर फोटो होता म्हणून समजलं. नुसता फोन आला असता तर काय करणार होती?

संघमित्रा ताई: काकू, फोनवर ‘तेरवी’ म्हणाले की तुम्ही सांगितलं तसं. ‘पुण्यानुमोदन’ किंवा ‘जलदान’ म्हणाले की पांढरं. अन् समजलंच नाही तर मळकट पांढऱ्या रंगाची, फिक्कट काठाची साडी. ती तुमच्या घरीही चालते अन् आमच्याही.

मंदाकाकू: हे बरं सांगितलं. तशी एक आहे माह्याकडे, लागली तर घेऊन जाजो वैशाली.

विनोद भाऊ: रविवारी साडेनऊले माझी गाडी निघेल, दोन जागा आहेत. कोणाले यायचं असेल तर सांगा.