मदत हवी आहे : वृद्ध आईच्या नाजूक त्वचेसाठी ब्लाउज आणि परकर कोणत्या कापडाचे व कसे शिवून घ्यावेत?

वैशाली_मिरज

नमस्कार. माझी आई 83 वर्षांची आहे. तिची त्वचा अतिशय पातळ आणि कोरडी झाली असून रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यामुळे थोडे घासले तरी हातावर जांभळे डाग उठतात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले आहे. खरूज, नायटा असे काही नाही, वयोमानाने आलेला कोरडेपणा आहे, दिवसातून दोनदा मलम लावा आणि कपडे मऊ वापरा, असे त्यांनी सांगितले. मलमाचा उपयोग होत आहे, परंतु "मऊ कपडे" म्हणजे नेमके काय, हे मला शिंप्याला सांगता येत नाही.

त्रास ठरावीक जागी होतो. कमरेला परकराच्या नाडीच्या रेषेवर ती सतत खाजवते आणि तिथली कातडी काळपट व जाड झाली आहे. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे बाही मुंड्याला जोडलेली असते, तिथे लाल चट्टा उठतो. मागच्या महिन्यात ब्लाउज काढताना घट्ट बाहीत हात अडकून कोपराजवळची कातडी सोलली गेली, ती जखम आत्ता कुठे भरली आहे. ब्लाउज "टू बाय टू" म्हणून मिळणाऱ्या कापडाचे आहेत, मात्र त्यात पॉलिस्टर किती, हे दुकानदारालाही सांगता आले नाही. परकर पॉपलिनचे आहेत. आई गाऊन घालायला तयार नाही आणि आयुष्यभर नेसलेली पाचवारी या वयात तिच्याकडून सोडवून घ्यावी असे मलाही वाटत नाही. तेव्हा साडी कायम ठेवून काय बदलता येईल, ते कृपया सांगावे.

रघुनाथ_जे

सगळ्याचे मूळ पॉलिस्टर आहे. घरातील सर्व कृत्रिम धाग्याचे कपडे काढून टाका आणि आईंना शुद्ध खादी वापरायला द्या. सुती कापड श्वास घेते, घाम टिपते आणि त्यामुळे खाज येतच नाही. आमच्या घरी तीन पिढ्या खादीच आहे.

सुमेधा_शिवणवर्ग

रघुनाथराव, घामाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र सुती असणे आणि मऊ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातसुताच्या जाड खादीत सूत कुठे जाड, कुठे बारीक असते आणि मधे गाठीही असतात. तरुण कातडीला त्या जाणवत नाहीत, परंतु कागदासारख्या पातळ झालेल्या कातडीवर त्या दिवसभर घासत राहतात. बारीक सुताची, अनेकदा धुतलेली खादी चालेल, नवी कोरी जाड खादी नको.

वैशालीताई, ब्लाउजसाठी चांगल्या प्रतीचे कॅम्ब्रिक घ्या. मलमल त्याहून मऊ असते, परंतु एकेरी मलमलीच्या ब्लाउजची शिवण ताणाखाली सुटते, म्हणून ती अस्तरालाच बरी. पॉलिस्टर आहे की नाही हे पाहायचे असेल तर कापडाच्या कडेचे चार धागे उपसून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची राख बोटात चुरगळते, पॉलिस्टर असेल तर ते वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. "इस्त्रीची गरज नाही" असे लिहिलेले सुती कापड मात्र टाळा, कारण सुरकुती पडू नये म्हणून त्यावर जे रासायनिक संस्करण करतात त्याचे काहींच्या त्वचेला वावडे असते. कोणतेही नवे कापड बेतण्याआधी दोनदा धुऊन त्यातील खळ काढून टाका. पुढेही कपड्यांना खळ घालू नका आणि साबणाचा अंश राहू नये म्हणून एक पाणी जास्त काढा.

आता शिवणीकडे येते, कारण आपण सांगितलेल्या तिन्ही जागा शिवणीच्या किंवा घट्टपणाच्या आहेत, कापडाच्या नाहीत. कापडाचाच दोष असता तर पाठीवर, पोटावर, जिथे जिथे ब्लाउज टेकतो तिथे सगळीकडे खाज आली असती. आईंचा एखादा जुना ब्लाउज उलटा करून मुंड्याची शिवण आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून पाहा. तिथे बाहीची आणि अंगाची माया एकत्र येते, त्यावर ओव्हरलॉकचा पॉलिस्टर दोरा मारलेला असतो आणि काखेत बाजूची शिवण येऊन मिळाल्यामुळे ती गाठीसारखी टणक होते. हात खाली सोडला की नेमकी ती गाठ दंडाच्या आतल्या बाजूला टोचते.

शिंपी कदाचित फ्रेंच शिवण सुचवतील, म्हणजे कच्ची कड आत बंद करणारी. ती दिसायला सुबक असते, परंतु तिचा उभा कंगोरा अंगाच्या बाजूला येतो, त्यामुळे काखेत ती नको. माझा आग्रह असा की माया अंगाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे बाहेर काढून, तिच्यावर त्याच कापडाची अर्ध्या इंचाची पट्टी सपाट बसवून दोन्ही कडांना टीप मारावी. बाहेरून ती नक्षीसारखी दिसते आणि आत एकही कड राहत नाही. तान्ह्या बाळाचे झबले शिवण बाहेर ठेवून शिवतात, त्याचे कारण हेच आहे. दोरा सुती घ्या आणि काखेत एक चौकोनी तुकडा तिरका जोडायला सांगा, म्हणजे चार शिवणी एका बिंदूत मिळणार नाहीत आणि हात उचलताना ओढ बसणार नाही.

वैशाली_मिरज

सुमेधाताई, उलटा ब्लाउज फिरवून पाहिला. काखेतली गाठ मलाही टोचली. बाहीचा घेर किती ठेवावा? दंड मोजला तर साडेनऊ इंच भरतो आणि सध्याची बाही दहा इंचांची आहे.

सुमेधा_शिवणवर्ग

अर्ध्या इंचाच्या सैलपणात कोपर बाहेर निघणे शक्यच नाही. ब्लाउज काढताना हात दुमडावा लागतो, म्हणून दंडाचे माप घेऊन उपयोग नाही. कोपर पूर्ण वाकवून त्याच्याभोवती टेप फिरवा आणि जे माप येईल त्यात एक इंच मिळवा. आईंच्या बाबतीत ते बारा-साडेबाराच्या आसपास जाईल असा माझा अंदाज आहे. शिंपी "बाही लोंबेल" म्हणतील, लोंबू द्या. बाहीची दुमड अर्ध्या इंचाऐवजी एक इंच रुंद ठेवा आणि तिच्यात कॅनव्हास किंवा चिकटपट्टी अजिबात घालू नका. पुढचे हूक राहू द्यात, परंतु हुकांच्या खाली अंगाच्या बाजूला दीड इंचाची जुन्या मऊ साडीची पट्टी असू द्या.

मंगेश_ठाणे

माझ्या वडिलांनाही रात्री फार खाज येते. त्यांना कॅम्ब्रिकचे पायजमे शिवून दिले तर फरक पडेल का? आता मला आणि माझ्या पत्नीलाही बोटांच्या बेचक्यांत खाज सुटू लागली आहे, बहुधा साबण बदलल्यामुळे असावे.

निवृत्त_परिचारिका

मंगेश, घरातील एकाहून अधिक माणसांना, रात्री वाढणारी आणि बोटांच्या बेचक्यांत येणारी खाज असेल तर आधी खरजेची तपासणी करून घ्या. खरूज असेल तर घरातल्या सर्वांना एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. कापड बदलून ती जाणार नाही.

वैशाली, मी अनेक वर्षे वृद्धांच्या कक्षात काम केले आहे. सुमेधाताईंनी ब्लाउजबद्दल सांगितलेले मला पटले. कमरेकडे मात्र अधिक गांभीर्याने पाहा. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर आवळलेल्या नाडीमुळे तिथली कातडी काळी, जाड आणि खवलेदार होते, हे आपल्याकडे नेहमी दिसते. क्वचित तिथे न भरणारी जखम होऊन तिचे रूपांतर कर्करोगात झालेले आढळले आहे. वर्ध्याच्या आणि बिहारमधील डॉक्टरांनी 2024 मध्ये अशा दोन वृद्ध महिलांची माहिती "बीएमजे केस रिपोर्ट्स" या नियतकालिकात दिली होती. घाबरून जाऊ नका, कारण ही गोष्ट विरळ आहे. परंतु त्या रेषेवर चीर, ओलसरपणा किंवा काही आठवडे न भरणारे व्रण दिसले, तर मलम लावत न बसता त्याच त्वचारोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा.

परकराचा नेफा अर्ध्या इंचाचा असेल तर तो उसवून अडीच इंचांचा रुंद पट्टा लावा आणि गोल नाडीऐवजी एक इंच रुंदीची सपाट सुती पट्टी घाला. गाठ कमरेच्या हाडावर न येता थोडी पुढे यावी आणि नाडीची जागा रोज बोटभर वर-खाली करावी. संध्याकाळी परकर सोडल्यावर उठलेला वळ अर्ध्या तासात मावळायला हवा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात फिरवून ती जागा गरम किंवा टणक लागते का, ते पाहा.

कल्पना_बडोदे

माझ्या सासूबाईंसाठी आम्ही परकर कमरेवर न बांधता खांद्यावरून येणाऱ्या सैल बंडीला जोडून शिवला होता. सगळा भार खांद्यावर गेला आणि कमरेचा काळा पट्टा हळूहळू फिका झाला. अडचण एवढीच की निऱ्या खोचायला पकड राहत नाही आणि साडी सुटते. आम्ही शेवटी निऱ्या शिवून घेतल्या.

सुमेधा_शिवणवर्ग

कल्पना जोडलेल्या परकराबद्दल सांगतात ते उत्तम आहे, परंतु खांद्याच्या पट्ट्या किमान दोन इंच रुंद हव्यात, नाहीतर कमरेचा काच खांद्याच्या हाडावर जाईल. निऱ्या न शिवता साडी टिकवायची असेल तर बंडीच्या वरून कमरेला मऊ कापडाचा तीन इंची पट्टा सैलसर बांधून त्यात निऱ्या खोचता येतील का, हे करून पाहण्यासारखे आहे. मी स्वतः तसे शिवलेले नाही, त्यामुळे खात्री देत नाही.

रघुनाथ_जे

नाडीऐवजी वेल्क्रो लावले तर? बांधण्या-सोडण्याची कटकटच राहणार नाही.

निवृत्त_परिचारिका

वेल्क्रोची काटेरी बाजू थोडी जरी सरकून अंगाला लागली तरी अशी कातडी ओरखडते. लावायचेच असेल तर काटेरी बाजू नेहमी बाहेरच्या थरावर, अंगाकडे पाठ करून असावी.

आणखी एक सूचना, जी सहसा कोणी देत नाही. आईंना लावता ती मलमे कपड्यांत झिरपतात आणि असे कापड साध्या कापडापेक्षा लवकर पेट घेते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये दिलेल्या इशाऱ्यात पॅराफिन नसलेल्या मलमांचाही समावेश केला होता. धुतल्याने हा अंश पूर्ण जात नाही. आई देवघरात समई लावत असतील तर मलम मुरल्यावर पदर कमरेला खोचून मगच बसू द्या किंवा समई दुसऱ्या कोणी लावावी.

वैशाली_मिरज

आई समई दुसऱ्याला लावू देणार नाही, पण पदर खोचण्याचे मान्य होईल. वाकलेल्या कोपराचा घेर साडेअकरा भरला, म्हणून बाही साडेबाराची सांगितली आहे. कॅम्ब्रिक धुऊन वाळत घातले आहे. शिंप्याने पट्टी बाहेरून मारायला सुरुवातीला नकार दिला, तेव्हा एकच ब्लाउज नमुना म्हणून शिवून द्यायचे ठरले. जोडलेल्या परकराबद्दल आईने अद्याप होकार दिलेला नाही, तोवर रुंद पट्टा आणि सपाट नाडी करून घेते. एक शंका राहिली : थंडीत ती लोकरीचा स्वेटर ब्लाउजवरच घालते आणि मनगटाशी खाजवते. त्याला अस्तर लावावे की स्वेटरच बदलावा?

सुमेधा_शिवणवर्ग

जाड लोकरीच्या तंतूंची टोके टोचतात, ती धुऊन मऊ होत नाहीत. पूर्ण अस्तराने स्वेटर ताठ होईल. आतून लांब बाहीचा पातळ होजिअरीचा बनियन घालून पाहा. त्याची बाही मनगटापुढे बोटभर बाहेर यावी आणि ती स्वेटरच्या कडेवर उलटी दुमडावी. बनियन मात्र उलटा घाला, शिवण बाहेर.